कागदावरचं शिखर आणि शरीरातलं शिखर

कर्करोगावरच्या प्रोटॉन उपचाराबद्दलच्या एका लेखात हे वाक्य आहे: «प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर नेमके थांबतात, त्यामुळे पलीकडचा अवयव पूर्ण सुरक्षित राहतो.»

पाण्याच्या टाकीत हे जवळपास खरं आहे. वेग मंदावला की प्रोटॉन दर मिलिमीटरला जास्त ऊर्जा सोडतो, म्हणून सोडलेल्या ऊर्जेचं शिखर वाटेच्या अगदी शेवटी येतं. पण रुग्णाच्या शरीरात ते शिखर कुठे पडेल हे आम्ही सीटी स्कॅनवरून काढतो, आणि सीटी एक्स-रे किती शोषले गेले ते मोजतं, प्रोटॉनला होणारा अडथळा नाही. या रूपांतरात चूक राहते. म्हणून अनेक केंद्रं खोलीच्या सुमारे 3.5 टक्के आणि वर एखाद-दोन मिलिमीटर जागा राखून ठेवतात. गाठ 15 सेंटीमीटर खोल असेल तर हे सहा-सात मिलिमीटर होतात.

मी रेडिएशन फिजिक्समध्ये काम करते. प्रोस्टेटसाठी किरण पोटाकडून सोडला तर शिखराची कडा थेट गुदाशयावर येते, शिवाय वाटेत मूत्राशय रोज कमीजास्त भरलेलं. म्हणून तो सहसा दोन्ही कुशींकडून देतात, जरी वाट लांब आणि हाडातून जाणारी असली तरी. तिथे गुदाशय वाचतो तो किरणाच्या बाजूच्या कडेमुळे, शिखरामुळे नव्हे. लेखात हे यायलाच हवं होतं.