निशाणी ५ आणि फिरता सल्ला

"जमिनीचा वाद आहे? घाबरू नका. दावा टाकतानाच सातबारा जोडा, कागद पक्के असले की कोर्ट पहिल्याच तारखेला स्टे देतं. अर्जात नुकसानीचा आकडा मोठा लिहा, म्हणजे जज लगेच ऐकतो. एकदा स्टे मिळाला की समोरचा दहा वर्षं हलू शकत नाही. स्टे म्हणजे अर्धी केस जिंकली. पुढे पाठवा."

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करतो. हा मजकूर पक्षकारांनी मोबाइल पुढे करून मला इतक्या वेळा वाचून दाखवलाय की आता तो पाठ झालाय. यात साफ खोटं वाक्य एकच आहे. बाकीची अर्धवट खरी आहेत, आणि पक्षकाराचं नुकसान तीच जास्त करतात.

आधी शब्दाचा घोळ. 'स्टे' म्हणजे स्थगिती, आणि ती एखाद्या हुकमाच्या अंमलबजावणीला मिळते. माणसाला 'हे करू नकोस' असं कोर्ट सांगतं तेव्हा ती मनाई. दावा चालू असेपर्यंतची ती तूर्तातूर्त मनाई, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ मधली. आपल्याकडे दाव्याच्या कागदांना निशाणी म्हणजे क्रमांक देतात आणि या अर्जाला सहसा पाचवी निशाणी पडते, म्हणून बाररूममध्ये कुणी 'स्टे'चं विचारत नाही, "तुमच्या पाचचं काय झालं?" असं विचारतात.

एक प्रकरण घेऊ. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत. दोन भाऊ, वडिलोपार्जित ८० गुंठे, सातबाऱ्यावर दोघांची नावं. थोरला नोकरीनिमित्त शहरात, धाकटा चौदा वर्षं जमीन कसतोय. पीकपाहणीत त्याचंच नाव. जमिनीची एकच बाजू डांबरी रस्त्याला लागते, साधारण २० गुंठ्यांची. धाकट्याने नेमका तिथेच पाया खणला, खडी-सळई आणून टाकली, आणि उरलेल्यापैकी काही भागाचा एका व्यापाऱ्याकडून इसार घेतल्याची गावात चर्चा. थोरल्याने माझ्यामार्फत वाटपाचा दावा लावला आणि निशाणी ५ मध्ये तीन गोष्टी मागितल्या: धाकट्याने जमिनीत पाय ठेवू नये, त्याने जमीन विकू-गहाण टाकू नये, बांधकाम करू नये. कागद पक्केच होते.

मनाई द्यायची का हे कोर्ट तीन कसोट्यांवर ठरवतं: सकृतदर्शनी केस, न भरून येणारं नुकसान आणि सोयी-गैरसोयीचा तोल. पण कागद पक्के म्हणजे पहिली कसोटी पार, असं नसतं. ती कसोटी सकृतदर्शनी केसची आहे, सकृतदर्शनी मालकीची नाही. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग या निकालात स्पष्ट केलाय. कोर्ट इतकंच बघतं की वादी जे मागतोय त्यात पुराव्यानिशी तपासण्यासारखा खरा प्रश्न आहे का. मालकी कुणाची हे शेवटी ठरतं. म्हणून मालकीचा कागद असूनही मनाई नाकारली जाते, आणि मालकी वादात असतानाही ती मिळते. सातबाऱ्यातल्या नोंदी जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे बरोबर आहेत असं गृहीत धरलं जातं हे खरं, पण ते उलट पुराव्याने खोडता येतं, आणि फेरफाराने मालकी मिळत नाही.

आता मागणी आणि प्रश्न जुळवून बघा. धाकट्याला जमिनीतच येऊ नको म्हणायचं तर आज कब्जा कुणाचा हे बघावं लागणार. तो धाकट्याचा, आणि सहहिस्सेदार म्हणून कायद्याच्या नजरेत तो दोघांच्या वतीनेही असतो. वहिवाटीत असलेल्या सहहिस्सेदाराला एकत्र मिळकतीत शिरायलाच बंदी करा, या मागणीला सकृतदर्शनी पायाच उरत नाही. विक्री आणि बांधकाम यांचं तसं नाही. वाटप होऊन कुणाला कुठला तुकडा जाईल हे ठरायचंय, तोवर एकाने रस्त्याकडची बाजू अडवायची का, हा प्रश्न खरा आहे. म्हणजे अर्ज एक, पण पहिल्याच कसोटीवर त्याचे दोन भाग पडले.

कब्जा महत्त्वाचा म्हणजे कुठलाही कब्जा, असंही नव्हे. गोव्यातल्या एका घराचं भावा-बहिणीचं प्रकरण, मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस यांचं, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघालं. घर राखणारा, नोकर किंवा आपुलकीने राहू दिलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला मिळकतीत हक्क येत नाही आणि मालकाविरुद्ध त्याच्या कब्ज्याला कोर्टाने संरक्षण देऊ नये, असं तिथे म्हटलंय. आमच्या धाकट्याला मात्र ते लागू नव्हतं, तो स्वतःच हिस्सेदार.

मोठ्या आकड्याचा सल्ला सगळ्यात घातक. आमच्या थोरल्याने आधीच्या मसुद्यात 'पंचवीस लाखांचं नुकसान होईल' असं लिहवून आणलं होतं. ते वाक्य मी सगळ्यात आधी खोडलं. दुसरी कसोटी न भरून येणाऱ्या नुकसानीची आहे. न भरून येणारं म्हणजे दुरुस्तच होऊ न शकणारं असं नाही, तर पैशात ज्याची पुरेशी भरपाई होत नाही असं. तुम्ही स्वतःच पैशांत मोजून दाखवलंत की समोरचा वकील उभा राहून एवढंच म्हणतो, "साहेब, वादीने रक्कम सांगितलीच आहे, शेवटी हरलो तर देऊ." आकडा जितका नेमका, तितकी त्याची अडचण कमी. आम्ही आकड्याऐवजी मोजणीचा नकाशा जोडला. ८० पैकी रस्त्याला लागणारे २० गुंठेच आहेत, तिथे पक्कं घर उभं राहिलं की सरसनिरस वाटप करताना ती बाजू धाकट्यालाच सोडण्याचा दबाव सगळ्यांवर येणार, आणि ही गोष्ट पैशाने पालटत नाही, एवढंच लिहिलं.

उशीरही याच कसोटीत आडवा येतो. थोरल्याला मे महिन्यात फोटो आले होते, दावा ऑगस्टमध्ये. तीन महिने गप्प बसलेल्याचं नुकसान इतकं तातडीचं कसं, हे कोर्टाने विचारलंच. आम्ही मधल्या काळातली गावकीची बैठक आणि पाठवलेली नोटीस दाखवली म्हणून निभावलं.

उरला सोयी-गैरसोयीचा तोल. लोकांना वाटतं हा नुसता सोपस्कार, खरं तर भांडण इथेच रंगतं. मनाई दिली आणि पुढे वादी हरला तर प्रतिवादीचं काय जाईल, आणि नाकारली नि वादी जिंकला तर वादीचं काय जाईल, ही दोन नुकसानं कोर्ट पारड्यात घालून बघतं. धाकट्याच्या वकिलाने चांगली चाल केली: बांधकाम माझ्या जोखमीवर करतो, तो भाग भावाला गेला तर पाडून देतो, हमीपत्र लिहून देतो. अशा हमीवर बांधकाम चालू द्यायची उदाहरणं आहेत. पण इथे घर पायाच्या पातळीवर होतं, धाकट्याचं राहतं घर गावात होतंच, म्हणून थांबल्याने त्याचं फार जात नव्हतं. उलट स्लॅब पडल्यावर ती हमी कोण पाळतंय! हे माझं मत, हुकमात अर्थातच सौम्य शब्द आहेत. तेच बांधकाम खिडक्या-दारांपर्यंत आलं असतं तर पारडं कदाचित पलीकडे गेलं असतं.

विक्रीबद्दल धाकट्याचा वकील म्हणाला, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ आहेच, दाव्यातली जमीन घेणारा निकालाने बांधला जातो, मग मनाई कशाला? इतर राज्यांत या युक्तिवादाला जास्त धार आहे. महाराष्ट्रात मात्र हे कलम लागू व्हायला दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती आम्ही तोवर नोंदवली नव्हती, आणि तिसरा माणूस आत आला की दाव्यांचा गुंता वाढतो हेही खरंच. कोर्टाने विक्रीला मनाई दिली. नोटीस आम्ही त्याच आठवड्यात नोंदवली.

शेवटी हुकूम असा झाला: जमिनीत येण्याला मनाई नामंजूर, विक्री-गहाणाला मनाई, आणि रस्त्याकडच्या भागात पायाच्या वर बांधकाम जैसे थे.

पहिल्याच तारखेचं म्हणाल, तर आम्हाला ती मनाई मिळाली नाही. आदेश ३९ नियम ३ प्रमाणे समोरच्याला नोटीस काढणं हाच नियम आहे. विलंबाने अर्जाचा हेतूच बुडत असेल तरच कोर्ट एकतर्फी हुकूम देतं, आणि तेव्हा कारणं नोंदवावी लागतात. कारणं लिहिणं ऐच्छिक नाही, हे १९९३ च्या शिवकुमार चढ्ढा निकालाने ठरलंय. एकतर्फी मिळालाच तर खरं काम तिथून सुरू होतं. अर्ज, शपथपत्र, दावा, कागद यांच्या प्रती लगेच समोरच्याला द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या, आणि पाठवल्याचं शपथपत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. हे राहून गेल्यामुळे आयता मिळालेला हुकूम अडचणीत आल्याचं मी पाहिलंय.

दहा वर्षांची गोष्ट तर नियम ३अ च्या उलट जाते. एकतर्फी मनाई दिली असेल तर अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा, जमलं नाही तर कारण लिहायचं. तीस दिवस उलटले म्हणून हुकूम आपोआप मरत नाही, पण समोरचा थेट अपिलात जाऊ शकतो, हे ए. वेंकटसुब्बय्या नायडू निकालात २००० साली म्हटलंय. शिवाय नियम ४ आहेच. परिस्थिती बदलली किंवा हुकमामुळे अवाजवी त्रास होतोय असं दिसलं तर मनाई उठते. अर्जात महत्त्वाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून खोटं लिहून ती एकतर्फी घेतली असेल, तर ती उठवावी असंच तिथे लिहिलंय. ठेवायची तर कोर्टाला कारणं द्यावी लागतात. पुरेशा कारणाशिवाय मनाई घेणाऱ्याकडून कलम ९५ खाली पन्नास हजारांपर्यंत भरपाईही मागता येते. कोर्ट ती फार क्वचित देतं, तरी भीती असलेली बरी.

अर्धी केस जिंकल्याचा आनंद थोरल्यालाही झाला होता. मी त्याला हुकमातलं शेवटचं पान दाखवलं. तिथे बहुतेक हुकमांत असतं तसं वाक्य होतं, की ही निरीक्षणं निशाणी ५ पुरतीच आहेत आणि दाव्याच्या निकालावर त्यांचा परिणाम होणार नाही. मग तो म्हणाला, "वकीलसाहेब, पहिली मागणी नाकारली त्यावर अपील करू." करता येतं, आदेश ४३ खाली, आमच्यासारख्या कनिष्ठ स्तर कोर्टाच्या हुकमावर जिल्हा न्यायालयात, तीस दिवसांत. पण १९९० च्या वाँडर निकालापासून अपील कोर्ट खालच्या कोर्टाचा विवेक मनमानी किंवा विकृत ठरत नसेल तर आपलं मत त्याच्या जागी बसवत नाही. इथे हुकूम तर्कशुद्ध होता. अपील केलं नाही.

धाकट्याने तो पाया झाकून ठेवलाय, त्यावर आता सोयाबीन वाळत घालतो. त्याची कैफियत दाखल झालीय. पुढची तारीख मुद्दे काढण्याची आहे, आणि त्यातला पहिला मुद्दा दोघांचे हिस्से किती हाच असणार.