‘माणशी ११०० पासून’ का लिहायचं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “तोरणमाळच्या रिसॉर्टचा ट्रॅव्हल एजंटांसाठीचा नमुना ईमेल वाचला. एवढं लांबण कोण वाचणार? ‘ग्रुपसाठी माणशी ११०० पासून’ एवढं लिहा, बाकीचं फोनवर बोलता येतं. नेट रेट असे उघडे टाकले तर आठ दिवसांत गावभर होतील. आणि मराठीत ईमेल पाहून एजंट हसतील ते वेगळंच.”

दादा, नेट रेट म्हणजे एजंट रिसॉर्टला देतो तो दर, त्यावर आपली कमाई चढवून तो ग्राहकाला सांगतो. तो फुटण्याचं तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे, त्यावर खाली येतो. ‘पासून’ला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण तो हिशोबाचा आहे.

नमुन्यातलं रिसॉर्ट काल्पनिक आहे. खोल्या वीस. एका रात्रीचा मुक्काम, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता धरून माणशी नेट दर असे: डबलला १,५००, ट्रिपलला १,२५०, आणि एका खोलीत चौघं असतील तर १,१००. म्हणजे ‘पासून’ लिहिलं की एजंटला दिसतो तो चौघांचा दर. चौघांची खोली म्हणजे दोघं पलंगावर आणि दोघं खाली गादीवर. कॉलेजच्या पोरांना ते चालतं.

आता जळगावच्या एजंटकडे ज्येष्ठ नागरिक संघाची सहल आली आहे असं धरा. पैसे भरणारी माणसं ३६: आठ जोडपी, एकट्या येणाऱ्या बाया १५, एकटे पुरुष ५. सोबत एजंटचा एक टूर मॅनेजर, जो ‘वीसमागे एक मोफत’ या सवलतीत बसतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरच्या गादीवर झोपवता येत नाही, तेव्हा चौघांची खोली बाद. जोडप्यांना आठ डबल खोल्या लागतात. बायांना पाच ट्रिपल. पाच पुरुष आणि मॅनेजर मिळून दोन ट्रिपल. झाल्या पंधरा खोल्या.

डबलमधल्या १६ जणांचे २४,००० आणि ट्रिपलमधल्या पैसे भरणाऱ्या २० जणांचे २५,००० मिळून ४९,००० होतात. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे (आधी १२ होता), त्याचे २,४५०. एकूण ५१,४५०, म्हणजे माणशी साधारण १,४२९. ‘११०० पासून’ वाचून एजंटने हिशोब केला असता तर तो ३९,६०० वर थांबला असता. फरक ११,८५० चा. त्याने माणशी २०० रुपये सुटतील असं धरलं असेल, तर त्याची सगळी कमाई ७,२००. ती जाऊन वर खिशातले ४,६५० घालावे लागतात.

‘फोनवर बोलता येतं’ हे खरं, पण बोलणं होईपर्यंत एजंटने संघाला आकडा सांगितलेला असतो. संघात वर्गणी जाहीर होते, निम्म्यांची जमाही होते, आणि त्यानंतर माणशी सव्वातीनशे वाढवून मागायची सोय राहत नाही. असा एकदा पोळलेला एजंट रिसॉर्टशी भांडत बसत नाही, पुढचा ग्रुप दुसरीकडे नेतो. म्हणून तिन्ही दर, ते कोणत्या खोलीचे, त्यात जीएसटी धरलाय की नाही, आणि ट्रिपलमधली तिसरी जागा पलंगाची की गादीची, एवढं ईमेलमध्येच हवं. वरच्या हिशोबात ट्रिपलला तिन्ही पलंग धरले आहेत. तिसरी गादी निघाली तर सात खोल्यांत सात भांडणं.

मोफत माणसाचंही तसंच. ‘वीसमागे एक’ हे दोन तऱ्हांनी वाचलं जातं. रिसॉर्टच्या मनात वीस जणांनी पैसे भरले की एकविसावा फुकट असतो, एजंट मात्र विसातलाच एक फुकट धरतो. चाळीस जणांचा ग्रुप आला की एकाच्या हिशोबात एक मोफत, दुसऱ्याच्या हिशोबात दोन. ‘२० जणांचे पैसे, २१ वा मोफत, ट्रिपलमध्ये’ असं लिहिलं की वाद मिटतो. ड्रायव्हर आणि क्लीनर यात मोजायचे नाहीत. त्यांची झोपायची जागा आणि जेवण वेगळं लिहायचं. ते नीट लिहिलेलं असलं की एजंटला कळतं, की समोरच्याने बसचा ग्रुप सांभाळलेला आहे.

बसवरून आठवलं. जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा करत यायचं आणि शहाद्यापुढे पन्नासेक किलोमीटर, त्यातला शेवटचा भाग घाटाचा. पंचेचाळीस सीटची गाडी थेट गेटपर्यंत येऊन वळते का, हे रिसॉर्टलाच ठाऊक असतं. वळत नसेल तर सामानासह किती चालावं लागेल ते लिहा. दुपारचं जेवण किती वाजेपर्यंत मिळेल तेही लिहा, कारण सकाळी निघालेली बस चहापाण्याला थांबत तीनला पोचते आणि तोवर स्वयंपाकघर आवरलेलं असतं.

आता नेट रेट फुटण्याचं. पन्नास एजंटांना एकाच ईमेलच्या सीसीत टाकलं तर फुटणारच. शिवाय कोणाकोणाला रेट गेले तेही सगळ्यांना दिसतं. प्रत्येकाला वेगळा ईमेल पाठवावा, नेट दर सोबतच्या पीडीएफमध्ये एजन्सीचं नाव आणि मुदतीची तारीख घालून द्यावेत, आणि ईमेलमध्ये फक्त ग्राहकाचा दर असावा. नमुन्यात मी दोन्ही एकत्र ठेवले होते, ती चूक दुरुस्त करतो. तिन्ही खोल्यांचे दर, जीएसटी आणि मोफतचा नियम हे सगळं त्या पीडीएफच्या एकाच पानावर बसतं, त्यामुळे तुमची लांबणाची तक्रारही थोडी कमी होईल.

पण रेट सगळ्यात जास्त फुटतो तो रिसॉर्टच्या काउंटरवरून. एजंटचा नेट १,५०० आहे आणि संघाच्या सेक्रेटरीने सहज फोन केला तर काउंटरवाला ‘सोळाशेत करून देऊ’ म्हणतो. एजंटने १,७०० सांगितलेले असतात, तो तिथेच खोटा पडतो. म्हणून ईमेलमधली कामाची ओळ ही: “दहाहून जास्त माणसांसाठी थेट चौकशी आली तर आम्ही डबलचा १,७५० हाच दर सांगू.” ही ओळ पाळायची तयारी नसेल तर एजंटांना ईमेल पाठवूच नका.

मराठीबद्दल. धुळे, शहादा, अमळनेर, भुसावळचे एजंट दिवसभर मराठीतच, नाहीतर अहिराणीत सौदे करतात. हसू येतं ते ‘आपणांस कळविण्यास अत्यंत हर्ष होत आहे’ असल्या मराठीला. ‘ट्रिपल’, ‘नेट’, ‘रूमिंग लिस्ट’ हे शब्द आहेत तसेच ठेवा, ‘त्रिशय्या कक्ष’ करू नका. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. छापखान्याच्या जुन्या फॉन्टमधून चिकटवलेला मजकूर समोरच्याच्या मोबाइलवर नुसती अगम्य अक्षरं होऊन उघडतो. विषयाची ओळ मोबाइलवर अर्धीच दिसते, तेव्हा रिसॉर्टचं नाव मागे आणि काम पुढे.

दुरुस्त नमुन्याची सुरुवात आता अशी:

“विषय: तोरणमाळ ग्रुप रेट, २०+ माणसं, जेवणासह

नमस्कार, तोरणमाळला आमचं वीस खोल्यांचं नवीन रिसॉर्ट सुरू झालं आहे. ग्राहकाचा दर डबलला माणशी १,७५० अधिक जीएसटी, दुपारच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत. तुमचे नेट दर सोबतच्या पीडीएफमध्ये आहेत, ३१ मार्चपर्यंत लागू. महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस यात धरलेले नाहीत. तारीख आणि माणसं कळवा, खोल्या सात दिवस आगाऊ रक्कम न घेता धरून ठेवू. आठव्या दिवशी सकाळी सोडून देऊ, त्याआधी एक फोन करू.”