किचनमध्ये उभं राहणाऱ्यांनो, बूट घेताना आधी उलटा करून बघा

किचनमध्ये दिवसभर उभं राहायचं असलं की बूट घेताना बहुतेक जण आत हात घालतात आणि गादी किती मऊ आहे ते दाबून बघतात. पाय दुखतात, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण तेलकट, ओल्या फरशीवर काम असेल तर बूट आधी उलटा करा आणि तळ बघा. तळ पसंत पडला तरच पायात घाला.

पाय टेकतो तेव्हा तळ आणि फरशी यांच्या मधे तेला-पाण्याचा पातळ थर सापडतो. तो बाहेर सरकला तरच रबराला फरशी लागते. पाणी चटकन सरकतं. तेल दाट असतं, ते सरकायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पाय निसटतो. म्हणूनच पावसात छान चालणारा बूट किचनमध्ये दगा देऊ शकतो. तेलाला बाहेर पडायला वाट हवी, म्हणजे तळावरच्या खाचा रुंद हव्यात आणि बुटाच्या कडेपर्यंत मोकळ्या हव्यात. मधेच बंद होणारे गोल खळगे दिसायला खोल असतात, पण त्यात तेल अडकून बसतं. टाचेची मागची कड तर नीट निरखून बघा. चालताना तीच आधी टेकते आणि पाय निसटतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

आमच्याकडे फ्रायरवर एक मुलगा आहे. त्याने धावायचे जाळीदार बूट घेतले होते, हलके आणि एकदम मऊ. ट्रे घेऊन वळताना त्याचा पाय सारखा सरकायचा. बूट उलटा केला तर चवड्याखाली खाचा ठीक होत्या, पण टाचेखाली गुळगुळीत फोम आणि बंद खळगे, त्यात तेल आणि पिठाचा लगदा गच्च बसलेला. शिवाय वरची जाळी. उकळत्या तेलाचा थेंब त्यातून थेट मोज्यावर जातो. असे बूट किचनमध्ये नकोतच, कितीही आरामदायक असोत.

त्याला नंतर घेतले ते वरून पूर्ण बंद, पुसता येणारे, नायट्रिल रबराच्या तळाचे. साधं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं, नायट्रिल तेलात टिकतं. लेस नसलेलेच घेतले, कारण गरम तेल आत गेलं तर बूट क्षणात काढता आला पाहिजे. पण टाच मागून बंद हवी. मागून उघडी सपाता बोटांनी धरून ठेवावी लागते, त्याने पोटऱ्या भरून येतात आणि घसरताना सपाता पायातून सुटते.

बुटावर नुसतं ‘स्लिप रेझिस्टंट’ लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. आयएसओ २०३४७ हे कामाच्या बुटांचं मानक आहे. त्यात जुन्या शिक्क्यांमध्ये ‘एसआरसी’ असेल तर तो बूट साबणपाणी टाकलेल्या टाइलवर आणि ग्लिसरीन टाकलेल्या स्टीलवर, अशा दोन्ही चाचण्यांत उतरलेला असतो. २०२२ च्या आवृत्तीत साबणपाण्याची चाचणी मूळ अटींतच आली, आणि ‘एसआर’ म्हणजे त्यावर ग्लिसरीन टाकलेल्या टाइलवरचीही चाचणी. पण या चाचण्या प्रयोगशाळेतल्या, तिथे तुमचं पीठ आणि चरबी नसते. शिक्का बघा आणि खाचाही बघा.

आता पायदुखी. फार मऊ गादी पहिल्या तासाला सुखाची वाटते, मग वजनाने चेपून जाते आणि पाय आत डुलत राहतो. दाबल्यावर थोडी दबणारी पण लगेच वर येणारी, काढून बदलता येणारी गादी मला जास्त पटते. बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर नको. माप संध्याकाळी, काम झाल्यावर, कामाचेच मोजे घालून बघा, कारण तोवर पाय सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा राहावी आणि टाच वर उचलली जाऊ नये. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे एक जोड आतून पूर्ण वाळतो.

त्या मुलाचे नवे बूटही काही आठवड्यांनी सरकायला लागले. बूट वाईट निघाले असं त्याला वाटलं, पण खाचा पुन्हा भरल्या होत्या. आता तो काम संपलं की कडक ब्रश, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने तळ घासतो. घासूनही पाय सरकायला लागला तर टाचेच्या मागच्या कडेवर अंगठा फिरवा. तिथे खाचा झिजून गुळगुळीत चट्टा लागला, तर वरून बूट कितीही नवा दिसत असला तरी किचनसाठी तो संपला.