साठ हजार पूर्ण पाठवा म्हणे!

आज सकाळी चहा घेत होतो तेवढ्यात फोन. भाडेकरूचा, तीन आठवडे बंद असलेला नंबर. "काका, डिपॉझिट कधी सोडताय? फ्लॅट तर मी रिकामा केलाय ना." सॉरी नाही, काही नाही. डोकंच फिरलं.

आमच्या वारज्याच्या फ्लॅटची गोष्ट. भाडं 18 हजार, डिपॉझिट 60 हजार, 11 महिन्यांचं रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स, एक महिन्याची नोटीस. ऑक्टोबरचं भाडं "दोन दिवसांत देतो" करत थकलं. 2 नोव्हेंबरला वॉचमन सांगतो, रात्री टेम्पो आला होता. दाराला कुलूप, चावी गायब.

मित्र म्हणाले, कुलूप तोड. वकील म्हणाले, थांबा. ताबा कागदावर अजून त्याचाच, उद्या "माझं सोनं होतं आत" म्हणाला तर? करारातल्या गावच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवर नोटीस दिली, आठवडाभर वाट पाहिली. 12 तारखेला सेक्रेटरी आणि शेजारच्या जोशीकाकूंना घेऊन कुलूपवाल्याकडून दार उघडलं. आत गादी, दोन बादल्या. यादी केली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, व्हिडिओ काढला, सामान माळ्यावर ठेवलं.

सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच, अख्खं डिपॉझिट खाऊन टाका, वर उरलेल्या पाच महिन्यांचं भाडंही मागा. मलाही आधी तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण डिपॉझिट म्हणजे दंड नव्हे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे नुकसान झालं तेवढंच मागता येतं, आणि ते कमी करायची खटपट आपणही करायची असते. फ्लॅट रिकामा ठेवून मीटर चालू ठेवता येत नाही. मला 20 तारखेला नवा भाडेकरू मिळाला. म्हणून नोटिशीच्या महिन्यातले 19 दिवसच धरले, 11,400. ऑक्टोबरचे 18,000, वीजबिल 2,340, मोडलेल्या कपाटाच्या दाराचे 3,200, कुलपाचे 900. झाले 35,840. उरले 24,160.

बायको म्हणाली, रंगाचे 14 हजार कापा. भिंती मळणं ही रोजची झीज, ती भाड्यातच आली. शिवाय बेडरूमच्या दाराजवळ पेन्सिलीच्या रेघा होत्या, त्याच्या मुलीची उंची मोजलेली. शेवटची रेघ सप्टेंबरची. नोकरी गेली होती म्हणे, हे आज फोनवर शेवटी कळलं. अरे मग सांगायचं ना! एक फोन केला असतास तर नोटिशीचं मीच सोडलं असतं.

ठीक आहे, तो घाबरला असेल. तरी रात्री टेम्पो आणून?

हिशोब, बिलांचे फोटो, व्हिडिओ पाठवलाय. गादी घेऊन जा आणि खाते नंबर दे म्हटलं. दोन्ही टिका निळ्या झाल्यात, उत्तर नाही.