केळीच्या रोपांबद्दलच्या एका स्टारला आमचं उत्तर

"मार्चमध्ये जी-नाइनची रोपं बुक केली, मे उजाडला तरी 'अजून थांबा'. ट्रेमध्ये चांगली चार-चार पानांची रोपं उभी होती. शेवटी वाद घालून अर्धी आणली, त्यातली निम्मी करपली. उरलेल्यांच्या पानांवर लाल डाग. गोव्यात हवा दमटच असते, मग हे हार्डनिंगचं नाटक कशाला? एक स्टार."

नमस्कार दादा. तुमची रोपं गेली आणि तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. बाकी सगळं ऐकून घेतलं असतं, पण हार्डनिंगला, म्हणजे टिश्यूकल्चरच्या बाटलीत वाढलेल्या रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची आणि उन्हाची सवय लावण्याला, 'नाटक' म्हणालात ते लागलं. त्यावर बोलायलाच हवं, कारण हे वाचून उद्या दुसरा कोणीही चौथ्या आठवड्यात ट्रे उचलायला येईल.

ट्रेमधल्या त्या चार पानांपैकी खालची दोन बाटलीतली होती. बाटलीत हवा जवळजवळ पूर्ण दमट असते, त्यामुळे तिथल्या पानावर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पानावरची रंध्रं गरज पडली तरी धड मिटत नाहीत. तुमच्यासमोरच टेबलावर दोन पानं तोडून ठेवली होती, एक बाटलीतलं आणि एक शेडनेटमधल्या जुन्या रोपाचं. आपलं बोलणं संपायच्या आत बाटलीतलं पान सुरळी होऊन मऊ पडलं, दुसरं तसंच ताठ होतं. आठवत असेल.

शिवाय बाटलीत रोप स्वतःचं अन्न फारसं करत नाही. माध्यमात लिटरला 30 ग्रॅम साखर असते, त्यावरच ते वाढतं. उजेड दोन-तीन हजार लक्सचा, आणि मे महिन्यातल्या दुपारी तुमच्या भाटात तो लाखाच्या आसपास जातो. गोव्याची हवा दमट, हे कबूल. पण दमट हवा उन्हाला अडवत नाही.

म्हणून बाटलीतून काढल्यावर मुळांना चिकटलेलं जेलीसारखं माध्यम धुऊन काढतो, नाहीतर त्यातल्या साखरेवर बुरशी येते. मग कोकोपीटच्या प्रोट्रेमध्ये, भरपूर दमटपणात, चार ते सहा आठवडे. दमटपणा हळूहळू उतरवत आणतो. बाटलीतल्या मुळांना केसमुळं जवळजवळ नसतात, ती नवी मुळं इथे फुटतात. त्यानंतर पिशवीत, अर्ध्या सावलीच्या शेडनेटखाली, आणखी सहा-आठ आठवडे. तुम्ही हा दुसरा टप्पा पूर्ण गाळलात, आणि पहिलाही पुरा होऊ दिला नाहीत. तयार रोप ओळखायचं तर पाच-सहा पानं ट्रेनंतर फुटलेली हवीत आणि पिशवी फाडली की मातीचा गोळा पांढऱ्या मुळांनी धरलेला हवा. तुमच्या ट्रेमधलं रोप उचललं की कोकोपीट खाली सांडत होतं.

आणि बाटलीपर्यंत येणंही सोपं नाही. निरोगी, विषाणू तपासलेल्या झाडाचा तलवारीसारख्या पानांचा मुनवा घ्यायचा, तो सोलत सोलत आतला कोंब तेवढा ठेवायचा, निर्जंतुक करायचा. कापलेली बाजू काळी पडली की पुन्हा नव्या माध्यमात. मग दर तीन-चार आठवड्यांनी कोंब वेगळे करून वाढवत न्यायचे. "आणखी दोन फेऱ्या मारा ना, रोपं लवकर पुरी होतील," असं तुम्ही फोनवर म्हणाला होता. फेऱ्या वाढवल्या की खुजी, वेडीवाकडी पानं असलेली रोपं निघू लागतात, आणि ती खोड शेतात गेल्यावरच पुरती कळते. म्हणून आम्ही सात-आठ फेऱ्यांवर थांबतो आणि नवा मुनवा घेतो. त्यात आमचाच खर्च वाढतो, पण असो.

लाल डागांचं म्हणाल तर तो रोग नाही. टिश्यूकल्चरच्या जी-नाइनला लहानपणी तांबडे-जांभळे ठिपके असतातच, रोप मोठं होताना नवी पानं स्वच्छ येतात. हे मुनव्यांत दिसत नाही, म्हणून कुळागरात वाढलेल्या माणसाला शंका येणं साहजिक आहे.

जगलेली रोपं वाचवायची असतील तर मधली सुरळी बघा. ती पांढरट-हिरवी आणि घट्ट असेल तर रोप जिवंत आहे, बाजूची पानं करपलेली असली तरी. पश्चिमेकडून माडाची झावळं उभी करा, पाणी थोडं थोडं पण रोज द्या. बुंध्याशी साचू देऊ नका, कोवळं रोप तिथेच कुजतं.

यापुढे बुकिंगच्या पावतीवर रोप कुठल्या टप्प्यात आहे ते लिहून द्यायचं बघतो. तुमच्या बुकिंगची उरलेली अर्धी रोपं अजून आमच्या शेडनेटखाली आहेत, कुणाला दिलेली नाहीत. ती जुलैत तयार होतील. येण्याआधी फोन करा, पिशवी तुमच्यासमोर फाडून दाखवू.