झिणझिण्या आल्या म्हणजे टीव्ही बिघडला?

"गेम कन्सोलच्या केबलच्या धातूला हात लागला की मुंग्या येतात, म्हणजे टीव्ही बिघडला. प्लग उलटा घाला, थांबेल."

बहुतेकदा टीव्ही ठीकच असतो. पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून थोडा करंट धातूच्या भागावर येतो. अर्थिंग नसेल तर तो आपल्या हातातून वाट काढतो. उलट्या प्लगने मुंग्या कमी झाल्या, तरी अर्थिंग मिळत नाही.

आधी स्विच बंद करून प्लग काढा. थ्री-पिनची जाड पिन तुटली आहे का, मध्ये टू-पिन अडॅप्टर आहे का, पाहा. मग अर्थिंग पक्कं असलेल्या सॉकेटवर लावा. तिथे थांबलं, तर दोष पहिल्या सॉकेटचा. टू-पिनच्या टीव्हीला मात्र ही परीक्षा लागू नाही. बोर्ड उघडू नका. अर्थला न्यूट्रल जोडणं तर जीवघेणं.

जोराचा झटका बसला किंवा नळालाही करंट जाणवला, तर सुरक्षितपणे मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन बोलवा.