केमो चालू असलेल्या मैत्रिणीकडे जाताना काय न्यावं?

गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीची केमो बरेच महिने चालू आहे. तिच्या घरी सध्या द्राक्षांच्या पेट्या, पुष्पगुच्छ आणि 'कॅन्सरवर मात' छापाची पुस्तकं यांचा ढीग लागलाय. माणसं प्रेमानेच आणतात हो. पण ती फळं धुवायची कोणी, निवडायची कोणी? आणि फुलांच्या वासानेच तिला मळमळतं.

भेटवस्तू निवडण्याआधी तिचं कॅलेंडर विचारा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्या केमोचं सायकल एकवीस दिवसांचं आहे, म्हणजे दर एकवीस दिवसांनी पुढची केमो. केमोनंतरचे पहिले काही दिवस अंगात त्राण नसतं. त्यानंतरच्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, म्हणजे आपली साधी सर्दीही तिला महागात पडू शकते. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा माणसात येते. भेटायला जायचं ते तेव्हा. सगळ्यांचं सायकल असं नसतं, काहींची केमो दर आठवड्याला असते, म्हणून विचारायचंच.

खाण्याचं तर वेगळंच प्रकरण. मिसळीवर जीव असलेली ही बाई आता म्हणते, "अगं, चहासुद्धा लोखंड उकळल्यासारखा लागतो." केमोत चव अशी बदलते, धातूची चव येते. स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी चमचा आणि काचेची वाटी घेतली की पुष्कळांना जरा बरं वाटतं, म्हणून मी तिला तेच नेलं. गरम पदार्थाचा वास जास्त येतो, त्यामुळे वाफाळती खिचडी परत जाते आणि तीच कोमट झाली की चार घास पोटात जातात. लिंबाने तोंडाला चव येते, पण तोंड आलं असेल तर लिंबू आणि तिखट दोन्ही झोंबतं. आणि काही औषधांवर थंड वस्तू नुसती हातात धरली तरी मुंग्या येतात, तेव्हा आइस्क्रीम नेण्याआधी एक फोन करा. डबा नेलात तर छोटा न्या, परत द्यावा लागणार नाही असा. भरलेलं ताट बघूनच तिची भूक मरते.

कपडा द्यायचा तर पुढून बटणं असलेला मऊ सुती कुर्ता द्या. छातीत पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी, असेल तर सुई लावताना अख्खा कुर्ता काढावा लागत नाही.

बाकी तिला हवी असते ती आपली नेहमीची बडबड. कॉलेज रोडचं ट्रॅफिक, सोसायटीतल्या पाण्याची भांडणं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं. रिपोर्टचा विषय तिने काढला तरच बोलायचं. "माझ्या मावशीला पण हेच झालं होतं" हे वाक्य तर उंबऱ्याबाहेरच ठेवा. अर्ध्या तासात उठायचं, ती "बस गं अजून" म्हणाली तरी, कारण नंतरचा थकवा तिला एकटीला काढावा लागतो.

मधल्या आठवड्यांत मी व्हॉइस नोट पाठवते. बहुतेक वेळा गॉसिपच असतं, आणि शेवटी न चुकता म्हणते, "उत्तर देऊ नकोस, नुसतं ऐक."